मनगटावरची थरथर

डायलिसिसच्या खाटेवर पेशंट येऊन बसला की वजनाच्या आकड्याआधी मी त्याचा हात मागते. डावा असेल तर डावा, उजवा असेल तर उजवा, ज्या हातात फिस्टुला आहे तो. मनगटाजवळच्या व्रणावर तीन बोटं अलगद टेकवते आणि डोळे मिटते. गुरगुरणाऱ्या मांजराच्या पाठीवर हात ठेवला की जे जाणवतं, तेच बोटांखाली जाणवायला हवं. एक बारीक, सलग, न थांबणारी थरथर. आम्ही तिला थ्रिल म्हणतो, पेशंटही आता थ्रिलच म्हणतात. गावाकडच्या एक आजी मात्र ‘आज माझं जातं चांगलं फिरतंय’ असं सांगतात, आणि मला तो शब्द जास्त आवडतो, कारण या हातात खरोखरच एक प्रवाह अखंड फिरत असतो.

तो प्रवाह कुठून येतो, हे कळलं की पुढचं पथ्य पाठ करावं लागत नाही. हृदयाकडून हाताकडे रक्त नेते ती रोहिणी. तिच्यात जोर असतो, पण ती खोल असते आणि तिच्यात आठवड्यातून तीन वेळा जाड सुया टोचणं चालत नाही. हाताकडून हृदयाकडे रक्त परत नेते ती शीर. ती वर, कातडीखालीच असते आणि टोचायला सोयीची असते, पण तिच्यातलं रक्त संथ चालतं. मशीनला दर मिनिटाला साधारण अडीचशे ते तीनशे मिलिलिटर रक्त लागतं, तेवढं मनगटावरची साधी शीर देऊच शकत नाही. म्हणून सर्जन या दोघींना एकमेकींना शिवून जोडतो. रोहिणीतलं जोरदार रक्त थेट शिरेत घुसतं. त्या दाबाने शीर फुगते आणि तिची भिंत जाड होत जाते. सहा ते आठ आठवड्यांत, कधी त्याहून जास्त दिवसांत, ती सुया पेलण्याइतकी तयार होते. चांगल्या फिस्टुलातून मिनिटाला सहाशे मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहतं. म्हणजे लिटरभराची बाटली दोन मिनिटांच्या आत भरेल, एवढं. बोटांना जाणवते ती याच वेगाने उठलेली थरथर.

ही युक्ती निघाली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात. तिथे 1965 साली शस्त्रक्रिया सुरू झाल्या, आणि 1966 साली ब्रेशिया, सिमिनो आणि अ‍ॅपल यांनी त्यांची माहिती प्रसिद्ध केली. त्याआधी, 1960 पासून, सिएटलच्या स्क्रिबनर यांच्या पद्धतीने टेफ्लॉनच्या नळ्या हाताबाहेर कायमच्या ठेवाव्या लागत. त्यांत गुठळ्या होत, जंतू शिरत. फिस्टुलामध्ये बाहेरची वस्तू काहीच नसते, शीर आपली आणि रोहिणीही आपलीच. म्हणूनच तो इतर कुठल्याही वाटेपेक्षा जास्त टिकतो. पण तो टिकवण्याचं निम्मं काम दवाखान्यात होतं आणि निम्मं घरी.

घरचं पहिलं काम तपासण्याचं. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्याआधी, असं दोनदा. दुसऱ्या हाताची बोटं शस्त्रक्रियेच्या व्रणावर हलकी ठेवायची. जोरात दाबलं तर थरथर दबते आणि उगीच धस्स होतं. तिथे ती सगळ्यात ठळक लागेल. मग शिरेवरून बोटं कोपराकडे सरकवत न्यायची, ती हळूहळू सौम्य होत जाते. त्यानंतर हात कानाशी नेऊन ऐकायचं. शांत खोलीत घूं-घूं असा खालच्या पट्टीतला सलग आवाज ऐकू येतो. पंखा बंद करा, टीव्ही बंद करा. मिनिटभर पुरतं.

रोज बोट ठेवणाऱ्याला आपल्या हाताची चाल माहीत होते, आणि चाल बदलली की पहिल्यांदा त्यालाच कळतं. बदल दोन प्रकारचे असतात. एकात थरथर क्षीण होत जाते, शीर सपाट पडते आणि सुईतून रक्त नीट ओढलं जात नाही. म्हणजे रक्त आत येण्याच्या वाटेवर, बहुधा जोडाच्या अगदी जवळ, शीर आतून अरुंद झाली आहे. दुसरा प्रकार फसवा असतो, कारण त्यात हात जास्त जोरात बोलतो. थरथरीच्या जागी ठोका लागतो, नाडीसारखा टण्‌-टण्‌ उडणारा. सलग घूं-घूं जाऊन प्रत्येक ठोक्याला तुटक, उंच पट्टीतली शीळ ऐकू येते. पेशंटला वाटतं, फिस्टुला चांगला जोरात चाललाय. खरं तर रक्त पुढे जाण्याची वाट वर कुठेतरी चिंचोळी झालेली असते आणि दाब मागे तुंबलेला असतो. नळ सुरू ठेवून पाइपाचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाइप कसा कडक होतो, तसं.

हा तुंबलेला दाब ओळखायची घरगुती खूण आहे. बसून किंवा पडून हात सरळ डोक्याच्या वर करायचा. मनगटावरच्या निरोगी फिस्टुलाची फुगलेली शीर हात वर जाताच रिकामी होऊन खाली बसते, कारण रक्त उताराने हृदयाकडे निघून जातं. हात वर करूनही शीर तशीच टम्म राहिली, तर पुढच्या डायलिसिसच्या दिवशी ते सांगायलाच हवं. दंडातल्या फिस्टुलाला ही खूण तितकी स्पष्ट लागू पडत नाही.

थरथर मुळीच लागली नाही आणि आवाजही नाही, तर मात्र पुढच्या शिफ्टची वाट बघायची नाही. तडक डायलिसिस युनिटला फोन करायचा, रात्र असली तरी. आत गुठळी झालेली असते. ती पहिल्या दिवसाच्या आत काढायला मिळाली तर फिस्टुला वाचण्याची शक्यता चांगली असते, जसजसे तास जातात तसतशी ती कमी होते. चोळायचं नाही, शेकायचं नाही, गोळी घेऊन बघायचं नाही.

गुठळीचा सगळ्यात धोक्याचा काळ म्हणजे डायलिसिस संपल्यानंतरचे तास. तीन-चार लिटर पाणी ओढून झालेलं असतं आणि बीपी खाली असतं. दाबच कमी, म्हणून फिस्टुलातला प्रवाहही मंद. त्यात कुणी पट्टी घट्ट बांधलेली असते आणि माणूस दमून त्याच कुशीवर झोपतो. म्हणून खाटेवरून उतरण्याआधी एकदा आणि घरी पोचल्यावर एकदा, अशी थ्रिल बघायची सवय लावावी. जुलाब-उलट्या झाल्या, ताप चढला, तरी तसंच. आणि दोन डायलिसिसच्या मधे पाणी जपून प्यायलं की एका बैठकीत फार ओढावं लागत नाही. पाण्याचं पथ्य हे हाताचंही पथ्य आहे, ते असं.

आता हात जपण्याबद्दल. प्रवाह अडेल असं काहीही या हातावर नको, एवढं एकच सूत्र आहे. बीपीचा पट्टा नको. तो फुगतो तेव्हा काही क्षण प्रवाह पूर्ण थांबतो. रक्त काढणं नको, सलाईन नको. हे दवाखान्यात काम करणाऱ्या सगळ्यांना माहीत असेल, असं धरून चालू नका. फिस्टुला फक्त डायलिसिसचे लोक रोज बघतात. दाताच्या दवाखान्यात, डोळ्यांच्या ऑपरेशनला, शिबिरात बीपी तपासणाऱ्या मुलीसमोर, आपला दुसरा हात आपणच पुढे करायचा आणि तोंडाने सांगायचं. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं तर आणखी बरं.

बायकांच्या बाबतीत बांगड्यांचा प्रश्न येतो, आणि तो मी कधी झटकून टाकत नाही. ‘सिस्टर, हात मोकळा कसा ठेवू? लोक काय म्हणतील?’ हे मला अनेकींनी विचारलंय. लग्नाचा चुडा असतो, पाटल्या असतात. मी सांगते, सगळं दुसऱ्या हातात घाला. काचेच्या बांगडीची मला दुहेरी भीती वाटते. एक तर ती मनगटावर अडकून शीर दाबते. दुसरं, ती फुटली तर तिची धार नेमकी त्या फुगलेल्या शिरेवर येते. राखी, गंडा, घड्याळ, केसांचं रबर, सगळं दुसऱ्या हाताला. दंडात फिस्टुला असेल तर ब्लाउजच्या बाहीकडे बघा. बाही काढल्यावर कातडीवर तिच्या काठाची रेघ उठत असेल, तर ती बाही उसवून सैल करून घ्या.

वजनाबद्दल लोक घाबरून उलट टोक गाठतात आणि हात हलवतच नाहीत. जखम भरली की सर्जनच्या सांगण्याप्रमाणे लिंबाएवढा मऊ रबरी चेंडू दाबायचा व्यायाम करायचा असतो, पोळ्या लाटणं आणि कपडे वाळत घालणंही चालतं. नको ती भरलेली कळशी, आणि नको ती कोपरात लटकवलेली जड पिशवी, कारण तिचा बंद कोपराच्या वाकणात शीर चेपतो. झोपेत डोक्याखाली हात घ्यायची सवय असेल, तर त्या बाजूला उशी लावून ठेवा.

इथे मला एका काकूंचा हात आठवतो. चौपन्न वर्षांच्या होत्या. डाव्या मनगटाचा फिस्टुला चार वर्षं सुरेख चालला होता. सोमवार, बुधवार, शुक्रवार अशा सकाळच्या शिफ्टला त्या येत. त्यांचा एकच आग्रह असे, सुई जुन्याच जागी टोचा, तिथे दुखत नाही. खरंच दुखत नाही, कारण पुन्हापुन्हा टोचलेल्या जागेची कातडी बधिर होते. पण तीच कातडी पातळही होते, आणि खालची शीर त्या जागी फुग्यासारखी वर येते. सुया शिडीच्या पायऱ्यांसारख्या थोड्या थोड्या अंतरावर पुढे सरकवत टोचायच्या असतात, ते यासाठीच. आम्ही त्यांच्या आग्रहाला बळी पडलो. ती चूक आमची होती.

त्या वर्षी जानेवारीपासून सुई काढल्यावर त्यांचं रक्त थांबायला वेळ लागू लागला. आधी आठ-दहा मिनिटांत थांबायचं, मग पंधरा, मग पंचवीस. मशीनवर परतीच्या बाजूचा दाब आधी दीडशेच्या आत असायचा, तो दोनशेच्या वर जाऊन अलार्म वाजू लागला. हे सगळं मी रोजच्या तक्त्यात लिहीत होते. लिहीत होते, पण तीन आठवड्यांचे तक्ते शेजारी-शेजारी ठेवून वाचले नाहीत. घरी काकूंना बोटाखाली टण्‌-टण्‌ लागत होतं, आणि त्यांना बरं वाटत होतं की थ्रिल जोरात आहे. वेळ लागणं, अलार्म वाजणं, ठोका उडणं, ही तिन्ही एकाच गोष्टीची लक्षणं होती. कोपराखाली शीर अरुंद झाली होती आणि मागे दाब साचत होता. तो दाब त्या पातळ कातडीच्या फुग्यावर आतून रेटा देत होता.

फेब्रुवारीत एका मंगळवारी त्या फुग्यावरच्या खपलीतून दोन थेंब रक्त आलं आणि आपोआप थांबलं. काकूंनी ते पुसलं आणि कुणाला सांगितलं नाही. ही गोष्ट प्रत्येक पेशंटला मी आता खाटेशी बसून सांगते. फिस्टुलावरची खपली मोठी होत असेल, तिच्याभोवतीची कातडी चकचकीत आणि ताणलेली दिसत असेल, किंवा तिच्यातून थेंबभर जरी रक्त आलं असेल, तर ते थांबलं म्हणून प्रश्न सुटत नाही. मोठ्या रक्तस्रावाआधी अनेकदा असा छोटा इशारा येतो. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या सुनेने हाक ऐकली. स्वयंपाकघरात काकू उभ्या होत्या आणि मनगटातून रक्ताची धार उडत होती. सुनेला आम्ही एकदा शिकवलं होतं, ते तिला आठवलं. तिने काकूंना जमिनीवर आडवं केलं, हात वर उचलला, स्वच्छ रुमालाची लहानशी घडी नेमक्या भोकावर ठेवली आणि दोन बोटांनी घट्ट दाबून धरलं. शेजारणीला हाक मारून 108 ला फोन करायला लावला. रुग्णवाहिकेतही तिने बोट उचललं नाही.

तिने काय केलं नाही, तेही तितकंच महत्त्वाचं. तिने मोठा टॉवेल गुंडाळला नाही. टॉवेल रक्त शोषतो, थांबवत नाही, वर किती गेलं ते झाकून ठेवतो. हळद किंवा कॉफी पावडर दाबली नाही. कापलेल्या बोटावर आपण ती लावतो, कारण तिथे रक्त झिरपत असतं. इथे रोहिणीच्या जोराने रक्त बाहेर फेकलं जातं, त्यापुढे पूड वाहून जाते आणि जखमेत घाण मात्र राहते. तिने थांबलं का ते बघायला मधेच हात काढला नाही. आणि दोरी बांधण्याच्या खटपटीत वेळ घालवला नाही. भोक सुईएवढं असतं, ते एका बोटाखाली झाकलं जातं. बोटाने नीट दाबता येत नसेल तर पाण्याच्या बाटलीचं झाकण, पोकळ बाजू कातडीकडे करून, भोकावर धरून दाबता येतं. माणूस घरी एकटा असेल तर आधी दाबायचं, मग फोन उचलायचा, दाराची कडी काढायची आणि आडवं व्हायचं. स्वतः गाडी चालवत निघायचं नाही.

मोठ्या माणसाच्या अंगात रक्त जेमतेम पाच लिटर असतं. वर सांगितलेला प्रवाह आठवला की वेळ का घालवायचा नाही, ते कळेल.

डायलिसिसनंतर सुई काढताना दाबण्याची रीत वेगळी आहे, कारण तिथे दोन गोष्टी सांभाळायच्या असतात. रक्त थांबायला हवं आणि प्रवाह चालू राहायला हवा. सुई पूर्ण बाहेर येईपर्यंत दाबायचं नाही, नाहीतर तिची धार शिरेला आतून कापते. सुई तिरकी शिरलेली असते, त्यामुळे कातडीवरचं भोक आणि शिरेच्या भिंतीतलं भोक एकावर एक येत नाहीत. शिरेतलं भोक थोडं पुढे, सुईच्या टोकाच्या दिशेला असतं. म्हणून गॉझवर दोन बोटं अशी ठेवायची की दोन्ही भोकं झाकली जातील. एक बोट फक्त वरच्या भोकावर ठेवलं तर वर रक्त दिसत नाही, पण आत साचून निळसर गाठ येते. मग घड्याळ बघून दहा मिनिटं, मधे डोकावून न पाहता. डोकावलं की नुकती बसलेली गुठळी निघते आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. दाब इतका असावा की रक्त येणार नाही, पण गॉझच्या वर-खाली थरथर लागत राहील. रक्त थांबल्यावर वरची पट्टी सैलच असावी. मनगटाला चारी बाजूंनी आवळणारी चिकटपट्टी घालू देऊ नका, आणि युनिटने सांगितलेल्या वेळी ती आठवणीने काढा.

वीस मिनिटं दाबूनही रक्त येत राहिलं, तर ते सिस्टरला सांगा, आणि पुढच्या वेळीही तसंच झालं तर डॉक्टरांनाच गाठा. कधी हेपरिनचा डोस जास्त झालेला असतो आणि तो कमी केला की काम भागतं. डोस बदललेला नसताना वेळ वाढत असेल, तर वरच्या बाजूला शीर अरुंद झाली आहे का, हे सोनोग्राफीत बघावं लागतं.

काकूंच्या हाताला त्या रात्री सर्जनने टाका घातला. डॉप्लरमध्ये कोपराखालची शीर जवळजवळ दोन-तृतीयांश बुजलेली दिसली. दुसऱ्या दिवशी तिथे फुग्याने वाट रुंद केली, आणि काही दिवसांनी पातळ कातडीचा तो भाग काढून शीर दुरुस्त केली. वर टोचायला दुसरी जागा शिल्लक होती, त्यामुळे गळ्यात नळी घालण्याची वेळ आली नाही.

त्यानंतरच्या सोमवारी मी नव्या जागी सुया टोचल्या. काकूंना दुखलं आणि त्यांनी ते बोलूनही दाखवलं. संपल्यावर दहा मिनिटं दाबलं, गॉझ उचललं, कोरडं होतं. त्यांनी स्वतःहून हात डोक्यावर केला. शीर हळूहळू खाली बसली. मग त्यांनी उजव्या हाताची बोटं व्रणावर ठेवली आणि बराच वेळ उचलली नाहीत.

‘सिस्टर,’ त्या म्हणाल्या, ‘ठोका गेला. पुन्हा गुरगुरतंय.’